झोपाळ्याची कडी आणि पंचिंग बॅग

जुन्या कडीपाटाच्या घरात माजघराच्या तुळईला झोपाळ्याच्या कड्या अजून दिसतात. झोपाळा केव्हाच काढलेला असतो, कड्या मात्र तिथंच राहिलेल्या असतात. मग घरातलं कोणीतरी बॉक्सिंग शिकू लागतं, पंचिंग बॅग विकत येते आणि साहजिकच नजर त्या कड्यांकडे जाते. ज्या कडीनं दोन-तीन माणसांचा भार वर्षानुवर्षं पेलला, तिला ४० किलोंच्या बॅगेचं काय जड, असं वाटतं. हा हिशेब फसवा आहे.

झोपाळ्याचं वजन चार साखळ्यांवर वाटलेलं असतं आणि तो पुढं-मागं, एकाच दिशेनं झुलतो. सुतारानं त्याच्या कड्याही त्या दिशेचा विचार करूनच बसवलेल्या असतात. बॅग एकाच टोकावर लटकते. ती पुढं जाते, बाजूला जाते, गोल फिरते, स्वतःभोवती पीळ खाते आणि खालून ठोसा बसला की वरही उडते. टांगणीचं नुकसान बॅगेच्या नुसत्या वजनानं क्वचितच होतं. ते करतात आडवी ओढ, पीळ आणि हिसका.

थोडे आकडे पाहू. ४० किलोंची बॅग शांत लटकत असते तेव्हा बोल्टवर ४० किलोंचाच भार असतो. तीच उभ्या रेषेपासून ३० अंश बाजूला जाऊन परत येते तेव्हा सर्वांत खालच्या बिंदूवर भार सुमारे ५० किलो होतो, आणि ६० अंशांवरून आली तर ८० किलो. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ३० अंशांच्या टोकाला ती बोल्टला साधारण १७ किलोंनी आडवी ओढते. बोल्टची मान वाकवणारी हीच ओढ, आणि एका सरावात ती शेकडो वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेनं येते. हिसक्याचा हिशेब याहून मोठा आहे. वर मारलेल्या ठोशानं किंवा लाथेनं बॅग ५ सेंटीमीटर उचलली गेली, साखळी सैल पडली आणि खाली येताना बॅग १ सेंटीमीटरच्या ताणात थांबली, तर त्या क्षणाची सरासरी ओढ वजनाच्या सहापट होते. म्हणजे २४० किलो, आणि त्यातला सर्वोच्च क्षण त्याहूनही जास्त.

आता हा भार घेणार कोण? समजा, तुळई सागवानी आहे, १५० मिलिमीटर रुंद, २०० मिलिमीटर उंच, आणि दोन भिंतींमधलं अंतर ३.६ मीटर. लाकूड निरोगी असेल तर वरच्या हिशेबातले हिसके या तुळईला जड नाहीत. मात्र तुळईवर टाकलेल्या बारीक कड्यांपैकी एखादीला, समजा ७५ बाय १०० मिलिमीटरच्या कडीला, बॅग टांगली तर तेवढ्याच लांबीत तेवढाच भार आठपट ताण निर्माण करतो. शिवाय तिच्यावर माळ्याचं वजन आधीच आहे. म्हणून बॅग तुळईलाच टांगायची, कडीला नाही.

लाकूड निरोगी आहे की नाही, हे आधी बघावं लागतं आणि यात घाई करू नये. हातोडीनं टप्प्याटप्प्यानं ठोकत जावं. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं बद्द. संशय आला तिथं जाड सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. वाळवीच्या मातीच्या रेषा आणि भुंगेऱ्याची बारीक भोकं शोधावीत. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे तुळईची भिंतीत गेलेली टोकं. पावसाळ्यात ओल तिथं मुरते आणि मधलं लाकूड ठणठणीत असतानाही टोक आतून कुजलेलं असू शकतं. टोकाशी लाकूड काळं पडलेलं किंवा मऊ लागलं, तर बॅगेचा विचार बाजूला ठेवून सुताराला बोलवावं.

जागा ठरवताना दोन गोष्टींची ओढाताण होते. बॅगेभोवती सगळीकडून किमान एक मीटर मोकळी जागा हवी, म्हणून खोलीचा मध्य बरा वाटतो. पण तुळई सर्वांत जास्त वाकते तीही मध्यावरच. भार भिंतीपासून लांबीच्या पाव अंतरावर आणला तर वाकवणारा जोर मध्यापेक्षा एक चतुर्थांशानं कमी होतो. आपल्या ३.६ मीटरच्या तुळईत ही जागा भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर येते. मी स्वतः एक मीटर धरेन. गाठ असलेली किंवा आधीच चीर गेलेली जागा मात्र टाळायची, आणि जुन्या कडीच्या भोकाच्या लगतही नवं भोक पाडायचं नाही.

लाकडात नुसता पिळून बसवायचा हुक बाजारात सहज मिळतो. तो मला बॅगेसाठी मान्य नाही. त्याचे आटे फक्त लाकडाच्या तंतूंना धरून असतात. रोजच्या धक्क्यांनी तंतू चुरतात, भोक ढिलं होतं आणि बाहेरून काहीही दिसत नाही. बोल्ट तुळईतून आरपार जाऊन वर नटनं आवळलेला हवा. कडीपाटात हे वाटतं तितकं अवघड नसतं, कारण तुळईवर कड्या आणि कड्यांवर फळ्या अशी रचना असेल तर दोन कड्यांच्या मध्ये, तुळईच्या माथ्यावर, हात जाईल एवढी पोकळी राहते. वरचा नट त्याच पोकळीत बसतो.

आय बोल्ट घडीव, बंद डोळ्याचा आणि खांदा असलेला घ्यावा. सळई वाकवून डोळा केलेला बोल्ट जोराच्या ओढीनं उघडतो. डीआयएन ५८० या मानकाप्रमाणे सरळ खालच्या ओढीला १२ मिलिमीटरचा बोल्ट ३४० किलो आणि १६ मिलिमीटरचा ७०० किलो धरतो. ओढ ४५ अंशांत तिरकी झाली की ही क्षमता साधारण तीस टक्क्यांनी घटते. आपले हिसके लक्षात घेता १६ मिलिमीटरचा घेतलेला बरा. तेवढ्या लांब दांड्याचा मिळाला नाही तर त्याच जाडीची आट्यांची सळई आणि खाली घडीव आय नट लावता येतो.

भोक तुळईच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर, खालून वर पाडायचं. आधी ५ मिलिमीटरच्या बारीक बिटानं आरपार जाऊन ते वर कुठं निघतं ते बघावं, मगच मोठं बिट घालावं. १५० मिलिमीटरच्या रुंदीत १६ मिलिमीटरचं भोक चालून जातं, ७५ मिलिमीटरच्या कडीत तेच भोक पाचव्या हिश्शाहून जास्त लाकूड खातं. वर १०० बाय १०० मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, तिच्यावर नट आणि त्यावर चेकनट. खालीही तशीच पट्टी द्यावी आणि बोल्टचा खांदा तिला घट्ट टेकलेला असावा. डोळा पट्टीपासून बोटभर जरी खाली लोंबत राहिला, तरी प्रत्येक आडवी ओढ तेवढ्या दांड्याला वाकवत राहते. बोल्ट तुटतो तो बहुतेक वेळा याच मानेशी.

आता डोळ्यापासून बॅगेपर्यंतची माळ. डोळ्यात डी-शॅकल, मग साखळीचा तुकडा, मग स्विव्हेल, आणि त्याखाली बॅगेच्या चार साखळ्या जिथं जमतात ती रिंग. उघडा एस-हुक कुठंही नको, कारण बॅग उडाली की तो निसटतो. साखळीचे दुवे वेल्ड केलेले असावेत आणि प्रत्येक वस्तूवर तिची क्षमता कोरलेली असावी. शॅकलची पिन आपोआप उलगडू नये म्हणून तिच्या डोळ्यातून बारीक तार ओवून ती शॅकलला बांधून टाकावी.

स्विव्हेलला लोक शोभेची वस्तू समजतात आणि वगळतात. बाजूनं मारलेला ठोसा बॅगेला स्वतःभोवती फिरवतो. स्विव्हेल नसेल तर तो पीळ साखळीत चढतो, दुवे एकमेकांवर आडवे बसतात, आणि पीळ उलगडताना तो वरच्या बोल्टला फिरवतो. नट ढिला होण्याचं हे एक मोठं कारण आहे. स्विव्हेल रिंगच्या लगेच वर लावला की पीळ तिथंच संपतो आणि वरची साखळी सरळ राहते. बॉल बेअरिंगचा घ्यावा. गळपट्ट्याला लावतात तसला ओतीव, चकचकीत स्विव्हेल या कामाचा नाही.

हिसका कमी करायचा तर साखळीऐवजी किंवा तिच्यासोबत बॅगेच्या वजनाला साजेशी स्प्रिंग लावावी. बॅग टांगल्यावर स्प्रिंग थोडी ताणली गेली पाहिजे, पूर्ण उघडली तर तिचा उपयोग संपला. स्प्रिंगच्या आतून किंवा शेजारून एक साखळी जाऊ द्यावी, म्हणजे ती तुटली तरी बॅग खाली येणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे तुळईत फूटभर अंतरावर दुसरा आय बोल्ट बसवून तिथून बॅगेच्या रिंगपर्यंत वेगळी राखीव साखळी न्यायची. ती बॅगेला झुलू देईल एवढीच सैल असावी. खूप सैल सोडली तर वेळ येईल तेव्हा बॅग आधी वेगानं पडेल आणि मगच साखळी ताणली जाईल.

उंचीचा हिशेब खरेदीआधीच करावा. तुळईची खालची बाजू जमिनीपासून २८० सेंटीमीटरवर आहे असं धरू. साधारण १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाला बॅगेचा मध्य १२० सेंटीमीटरवर बरा पडतो. १२० सेंटीमीटर लांबीच्या बॅगेचं बूड मग ६० सेंटीमीटरवर येतं. वर उरतात १०० सेंटीमीटर. त्यात बॅगेच्या साखळ्या ४०, स्प्रिंग, स्विव्हेल आणि शॅकल मिळून ४०, म्हणजे मधल्या साखळीला जेमतेम २० सेंटीमीटर.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पंख्याच्या हुकाकडे बघूसुद्धा नये. तो काही किलोंच्या पंख्यासाठी असतो. पीओपीचं छत तर स्वतःलाच टांगलेलं असतं. काँक्रीटच्या बीमच्या तळाशी ताण घेणाऱ्या मुख्य सळया असतात, त्या ड्रिलनं कापल्या तर इमारतीचं नुकसान होतं. तिथं इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक नको. वरच्या-खालच्या मजल्यावर जाणारा धपधप आवाजही लक्षात घेता जमिनीवर उभा राहणारा स्टँड बरा.

बॅग टांगून झाली की नट, चेकनट आणि पट्टी यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट फिरला. पहिल्या आठवड्यात ती रोज बघावी, कारण नवं आवळलेलं लाकूड थोडं दबतं आणि नट पुन्हा आवळावा लागतो. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं, तेव्हा परत एकदा. महिन्यातून एकदा बॅग उतरवून डोळ्याच्या आतली बाजू आणि शॅकलची वाक बोटानं चाचपावी. धातू धातूवर घासून तिथं खाच पडते. मूळ जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी झीज झाली की तो भाग बदलायचा, मग तो कितीही मजबूत दिसो. तुळईवर भोकापासून निघालेली, तंतूंच्या दिशेनं जाणारी नवी चीर दिसली तर तिच्या टोकाशी पेन्सिलनं खूण करून तारीख लिहावी. चीर खुणेच्या पुढं गेली, की त्या दिवसापासून बॅग जमिनीवर.