प्रश्न तोच, विचारणारं कोण?

2006-07 मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या तरुण-तरुणींचं एक मोठं सर्वेक्षण झालं. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्यात सहभागी होती. मुलींना बायकांनीच आणि मुलांना पुरुषांनीच प्रश्न विचारायचे, असा नियम होता. लग्नाआधीच्या शरीरसंबंधांबद्दल तोंडी विचारून झालं की शेवटी एक कोरं कार्ड हाती दिलं जाई. असे संबंध आले की नाहीत, एवढंच त्यावर नोंदवायचं, कार्ड पाकिटात घालायचं आणि पाकीट स्वतः चिकटवायचं. तोंडी ‘नाही’ म्हणालेल्यांपैकी काहींनी कार्डावर ‘हो’ नोंदवलं.

म्हणजे विचारणारी व्यक्ती आपल्यासारखीच असली, तरी संकोच पुरता जात नाही.

उत्तर देणारा समोरच्याचा चेहरा वाचत असतो. मोठ्या वयाच्या बाई दिसल्या, की मुलीला आईची किंवा शिक्षिकेची आठवण होते आणि ती ‘शोभेल’ असं उत्तर देते. 1961 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या किशोरवयीन मुलींच्या अभ्यासात वयाचा असाच परिणाम दिसला होता. स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न बाईने विचारला, तर काही पुरुष जास्त उदार मत सांगतात. शेतात किती एकर ऊस आहे, या प्रश्नाला मात्र असा फरक क्वचितच पडतो. लाज, भीती किंवा मान जिथे गुंतलेला असतो, तिथेच उत्तर घसरतं.

हे ओळखण्याची रीत भारतातच घडली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या पिकांच्या पाहणीत एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने निवडून ते वेगवेगळ्या पाहणीदारांकडे सोपवले. समजा, एकाच तालुक्यातली 400 घरं चिठ्ठ्या टाकून निम्मी-निम्मी वाटली आणि तरुण मुलींना 30 टक्के, तर प्रौढ बायकांना 18 टक्के ‘हो’ मिळाले. योगायोगाने एवढी तफावत पडणं अवघड. फरक विचारणाऱ्यांमुळे पडला असावा. गावं मात्र सोयीने वाटून दिली, तर फरक गावांचा की विचारणाऱ्यांचा, हे सांगता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या मारहाणीचे प्रश्न घरटी एकाच बाईला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच. सासू किंवा नवरा जवळ असेल तर तो भाग सोडून देतात. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ असं न विचारता ‘नवऱ्याने कधी थोबाडीत मारली का? ढकललं का?’ असं नेमकं विचारतात.

सगळ्याच बायकांना बायकांनीच विचारलं, तर संकोच कमी होतो. पण पुरुषाने विचारलं असतं तर उत्तर किती बदललं असतं, हे त्या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी वेगळी, छोटी चाचणी घ्यावी लागते. मुलाखत घेणाऱ्याचं वय आणि लिंग प्रत्येक उत्तराशेजारी नोंदवून ठेवलं, तर असा फरक पुढे निदान तपासता तरी येतो.