मनी प्लँटचं पिवळं पान: पिकलं की कुजतंय?

मनी प्लँटचं तळाचं पान पिवळं पडलं की बहुतेकांचा हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो. नेमकं तिथेच चुकतं. पान पिकून पिवळं पडलं असेल तर पाण्याने ते परत हिरवं होत नाही आणि मुळं कुजत असतील तर आणखी पाणी म्हणजे आगीत तेल.

वेल वाढतो तो शेंड्याकडे. तळाचं पान जुनं झालं, सावलीत गेलं की वेल त्यातलं नत्र आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि नव्या पालवीला पुरवतो. पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. असं पान सहसा एकटंच पिकतं. ते सगळीकडून सारखं पिवळं होतं, मग कागदासारखं वाळतं आणि हलकेच ओढलं की देठासकट हातात येतं. शेंड्याला नवी पानं फुटत असतील तर काळजीचं कारण नाही.

जास्त पाण्याची खूण वेगळी. समजा, जुलै महिना आहे. खिडकीतली कुंडी शोभेच्या चिनीमातीच्या भांड्यात ठेवली आहे आणि उन्हाळ्यातल्यासारखंच रोज पेलाभर पाणी चालू आहे. पावसाळी हवेत ऊन कमी, त्यामुळे वेल पाणी कमी पितो आणि माती सुकत नाही. आठवड्याभरात तीन-चार पानं एकदम पिवळी पडतात, त्यांवर मऊ काळपट डाग येतात. माती ओली असूनही पानं मलूल दिसतात, कारण मातीच्या कणांमधली हवा जाऊन पाणी भरलं की मुळं गुदमरून कुजतात आणि पाणी वर चढवू शकत नाहीत. तहानलेलं समजून आपण पुन्हा पाणी घालतो!

अशा वेळी बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. ओल लागली आणि कुबट वास आला, तर वेल कुंडीतून अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत असतं. चिमटीत ओढलं की वरची साल निघून आत दोरा राहतो. कुजकी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि कोकोपीट व जाडसर वाळू मिसळलेल्या नव्या मातीत, तळाला भोक असलेल्या कुंडीत वेल लावा. बाहेरच्या भांड्यात साचलेलं पाणी प्रत्येक वेळी ओतून टाका.

मग बाटलीतल्या पाण्यात मनी प्लँट जगतो कसा? ती मुळं पाण्यातच फुटलेली असतात, म्हणून तिथल्या कमी हवेला सरावतात. कुंडीतली मुळं मातीतल्या हवेवर वाढलेली असतात, त्यांना चिखल सोसत नाही. म्हणूनच सगळी मुळं कुजली असली, तरी वेलाचा हिरवा, टणक, पेर असलेला तुकडा पाण्यात ठेवला की नवी मुळं धरतो.