कन्सोल तापतो तो कपाटात

गेम सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटं होतात आणि टीव्ही युनिटच्या कप्प्यातून घरघर वाढायला लागते. पात्रांचे संवाद ऐकू येईनासे होतात, म्हणून टीव्हीचा आवाज चढतो. मग एखाद्या दुपारी पडद्यावर कन्सोल फार तापल्याची सूचना येते आणि ऐन रंगात आलेला खेळ थांबतो. घरात निदान होतं, ‘पंखा गेला.’ बहुतेक वेळा पंखा ठणठणीत असतो. त्याला मिळणारी हवा गरम असते, किंवा त्याच्या वाटेत धूळ साचलेली असते.

हे नीट समजून घ्यायला सोनीचा प्लेस्टेशन ५ चांगला. जगात तो नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी. एखादा जड गेम चालू असताना हा कन्सोल साधारण २०० वॅट वीज घेतो आणि या विजेची जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. म्हणजे शंभर वॅटचे जुने पिवळे बल्ब दोन, सतत पेटते, टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवल्यासारखं आहे. ही उष्णता बाहेर काढायला आत १२० मिलिमीटर व्यासाचा जाडजूड पंखा बसवला आहे. पुढच्या बाजूच्या फटींतून तो हवा ओढतो, धातूच्या पातळ पात्यांच्या हीट सिंकमधून ती पुढे ढकलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो.

इथे या यंत्राचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवं. त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं, की चिपचा वेग खोलीच्या तापमानावर ठरत नाही, तर तिच्यावर पडलेल्या कामावर ठरतो. नागपूरच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरात तोच गेम त्याच वेगाने चालावा, असा यामागचा हेतू. लॅपटॉप तापला की आपलं काम हळू करतो. हा कन्सोल तसं करत नाही. उष्णता आवरायला त्याच्या हाती उरतो तो फक्त पंखा. पंख्याचा वेग दुप्पट झाला, तर हवा दुप्पट वाहते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट वाटतो. थोडी जास्त हवा मिळवण्याची किंमत अशी आवाजात मोजावी लागते.

आता कपाटाकडे वळू. आपल्याकडचं नेहमीचं टीव्ही युनिट घेऊ: सुताराने प्लायमध्ये केलेलं, भिंतीला टेकवलेलं, पाठीमागे प्लाय, पुढे काचेचं दार, आणि वायरी जायला मागे पाच सेंटिमीटरचं एक भोक. कप्पा साठ सेंटिमीटर रुंद, पंचेचाळीस खोल, चाळीस उंच धरू. त्यात मावणारी हवा जेमतेम १०८ लिटर. कन्सोलची २०० वॅट उष्णता एवढ्याशा हवेला काही मिनिटांतच नकोशी तापवते. पुढे उष्णता प्लायमधून हळूहळू बाहेर झिरपते, पण लाकूड उष्णतेला वाट देण्यात आळशी. दार बंद ठेवून गणित केलं, तर आतलं तापमान खोलीपेक्षा सुमारे ५० अंशांनी चढेपर्यंत आवक-जावकीचा मेळच बसत नाही. तिथवर पोचण्याच्या बऱ्याच आधी कन्सोल स्वतःच बंद पडतो. सोनीच्या पुस्तिकेत आजूबाजूच्या हवेची मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सियस दिली आहे. विदर्भात उन्हाळ्यात एसी नसलेली खोलीच ही मर्यादा ओलांडते. मग कपाटात एका अंशाचीही सवलत उरत नाही.

मागच्या भोकाने भागेल, असं अनेकांना वाटतं. ते भागत नाही. हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर २०० वॅटसाठी दर सेकंदाला सुमारे १७ लिटर ताजी हवा लागते. पाच सेंटिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर. एवढी हवा त्यातून जायची तर तिला सेकंदाला साडेआठ मीटर वेगाने पळावं लागेल, आणि त्यात वायरींनी अर्धं भोक आधीच भरलेलं असतं. संथपणे, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने, तेवढीच हवा जायला साडेतीनशे चौरस सेंटिमीटर मोकळी जागा हवी, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद फट. अशी एक फट आत येणाऱ्या हवेसाठी आणि तेवढीच दुसरी बाहेर जाणाऱ्या हवेसाठी लागते.

बंद कप्प्यात आणखी एक गोष्ट घडते. मागून फेकलेली गरम हवा पाठीच्या प्लायवर आदळते, कन्सोलच्या बाजूंनी फिरून पुढे येते आणि पुन्हा त्याच्याच नाकात जाते. पंखा जितका जोरात फिरतो तितकीच ही गरम हवा वेगाने घुमते. म्हणूनच बंद दाराआडचा आवाज चढतच राहतो.

दोष कपाटाचा की धुळीचा, हे घरच्या घरी ठरवता येतं. एक साधा डिजिटल थर्मामीटर कन्सोलच्या पुढच्या फटींजवळ ठेवावा, मागच्या जाळीजवळ नव्हे. एकच गेम, त्यातला एकच भाग अर्धा तास चालवावा आणि खोलीचं व कप्प्याचं तापमान टिपावं. फरक पाच अंशांहून अधिक असेल तर कपाट दोषी आहे. त्याच दिवशी कन्सोल पूर्ण गार झाल्यावर तो बाहेर, उघड्या टेबलावर ठेवून तोच भाग पुन्हा अर्धा तास चालवावा. आवाज ठळक उतरला, तर साफसफाई नंतर केली तरी चालेल. जागा आधी बदलायला हवी. बाहेरही तसाच गोंगाट राहिला, किंवा गेम न लावता नुसत्या मुख्य पडद्यावरही पंखा चढू लागला, तर धुळीचा संशय घ्यावा. मागच्या जाळीसमोर हात धरला की आणखी एक खूण मिळते. जोरदार गरम झोत येत असेल तर उष्णता बाहेर पडते आहे. झोत मंद आणि कन्सोलचं अंग मात्र चटका देणारं असेल, तर आतली वाट तुंबली आहे.

जागेचा उपाय सर्वांत स्वस्त: कन्सोल टीव्ही युनिटच्या वर, उघड्यावर ठेवावा. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर राखायला सोनीच सांगते. पहिलं मॉडेल उभं ठेवलं तर ३९ सेंटिमीटर उंच होतं, म्हणून बहुतेक घरांत ते कप्प्यात आडवं झोपतं; पण त्याची खोली २६ सेंटिमीटर आहे. मागे १० सेंटिमीटर सोडले आणि वायरींचे वळसे धरले, की ४० सेंटिमीटरपेक्षा उथळ कप्पा त्याला पुरत नाही. कप्प्यातच ठेवायचा असेल, तर सुताराकडून पाठीचा प्लाय कापून घ्यावा. मात्र युनिट भिंतीला घट्ट टेकलेलं असेल, तर नुसता प्लाय कापून काही होणार नाही. युनिट पुढे ओढावं लागेल. काचेचं दार खेळताना उघडं ठेवावं किंवा काढूनच टाकावं. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर कन्सोलच्या अंगावर रचू नयेत. गालिचा किंवा लोकरी आसनावर तो ठेवू नये. धुळीपासून वाचवायला घातलेलं कापडी कव्हर फक्त वीज पूर्ण बंद असताना चालतं, कारण रेस्ट मोडमध्येही यंत्र रात्री अपडेट उतरवत बसतं. कूलरचा ओलसर झोतही त्याच्यावर थेट घेऊ नये.

कप्प्याला पर्यायच नसेल, तर यूएसबीवर चालणारा १२० मिलिमीटरचा एक संथ पंखा मागच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, हवा बाहेर फेकेल असा बसवावा आणि पुढे खालच्या अंगाला हवा आत यायला मोकळी फट ठेवावी. कन्सोलच्या पाठीलाच चिकटवायचे छोटे पंखे मात्र टाळलेले बरे. मूळ पंख्याने आखलेल्या वाटेत ते अडथळा बनू शकतात.

आता धूळ. रस्त्याकडेच्या घरात, बांधकामाच्या शेजारी, किंवा टीव्हीजवळच देवघर असून रोज उदबत्ती लागत असेल तिथे ती लवकर आणि चिकट बसते. हीट सिंकच्या पात्यांवर तिचा लोकरीसारखा थर तयार होतो. सफाई करताना कन्सोल मेनूतून पूर्ण बंद करावा, प्लग काढावा आणि तासभर गार होऊ द्यावा. आधी बाहेरच्या फटींवरून मऊ कोरडा ब्रश फिरवत कमी ताकदीचा व्हॅक्यूम क्लीनर धरावा. मग बाजूची पांढरी पॅनेल काढावीत. ती स्क्रूशिवाय, कोपरा हलका उचलून सरकवली की निघतात. आत पंखा दिसतो आणि सोनीने मुद्दाम धूळ गोळा व्हावी म्हणून केलेली दोन भोकंही दिसतात. त्यांवर व्हॅक्यूम धरला की साठलेली धूळ ओढली जाते. पंख्याची पाती साफ करताना ती बोटाने धरून ठेवावीत. दुकानात मिळणाऱ्या दांडग्या ब्लोअरचा झोत आत मारला, तर धूळ बाहेर येण्याऐवजी पात्यांमध्ये खोल रुतते आणि पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग दुखावू शकतं. ओलं फडकं किंवा कोणताही द्रव वापरू नये. धुळीच्या घरात दर तीन-चार महिन्यांनी बाहेरून आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, पॅनेल काढून आतून, एवढं पुरतं.

घरच्या सफाईची हद्द इथे संपते. प्लेस्टेशन ५ मध्ये चिप आणि हीट सिंक यांच्यामध्ये वीज वाहून नेणारा द्रवरूप धातू आहे. हीट सिंक उचलताना त्याचा थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. जुन्या प्लेस्टेशन ४ मध्ये तिथे साधी थर्मल पेस्ट असते. ती वर्षानुवर्षांत वाळते, आणि धूळ काढून, जागा बदलूनही आवाज उतरत नसेल तर ती बदलून घेणं योग्य, पण अनुभवी दुरुस्तीवाल्याकडूनच. वीजपुरवठ्याचा डबा कधीच उघडू नये.

काही आवाजांचा उष्णतेशी संबंधच नसतो. डिस्क घातल्यावर होणारी घरघर ड्राइव्हची असते आणि गेम इन्स्टॉल झाला की ती थांबते. बारीक, उंच ‘चीं’ असा सूर विजेच्या कॉइलचा असतो. तो सफाईने जात नाही, पण त्याने यंत्र तापतही नाही. ठराविक लयीत टकटक ऐकू आली, तर पात्याला एखादी वायर किंवा स्टिकर घासत असेल, किंवा बेअरिंग झिजलं असेल. तेव्हा मात्र पंखाच बदलावा लागतो. दुरुस्तीला नेताना फोनवर तो आवाज ध्वनिमुद्रित करून न्यावा आणि थर्मामीटरने टिपलेले दोन्ही आकडे सोबत द्यावेत. त्यावरून दुरुस्तीवाल्याला पेस्ट, धूळ आणि पंखा यांपैकी कुठे हात घालायचा, हे यंत्र उघडण्याआधीच बरंचसं कळतं.