आकड्याशेजारचा बाण

सासूबाईंच्या दंडावर साखरेचा सेन्सर आहे. शेजारच्या अक्का दारातूनच "सक्करे एष्टु?" विचारतात, म्हणजे त्यांना आकडाच हवा असतो. मी आधी त्याच्या शेजारचा बाण पाहते.

आमच्या यंत्रात आडवा बाण म्हणजे साखर जवळपास स्थिर. तिरका असेल तर मिनिटाला एक ते दोन अंकांचा फरक, आणि सरळ वर किंवा खाली असेल तर दोनहून जास्त. (प्रत्येक कंपनीचे माप थोडे वेगळे, पुस्तिका पाहावी.)

परवा जेवणाआधी आकडा होता ११०, बाण सरळ खाली. या वेगाने पंधरा मिनिटांत ८० आणि अर्ध्या तासात ५०! शिवाय सेन्सर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यातून दिली. पंधरा मिनिटांनी सेन्सर ७८ दाखवत होता, बोट टोचून पाहिले तर ९२. साखर परत चढतानाही सेन्सर मागेच राहतो, त्यामुळे दुसऱ्यांदा साखर दिली नाही.

जेवणानंतर तासाभराने बाण वर जातो, तेव्हा लगेच पुन्हा इन्सुलिन टोचायचे नाही. जेवणाआधीचे इन्सुलिन तीन-चार तास काम करत असते, त्यावर दुसरे पडले की मध्यरात्री साखर कोसळते.

रात्री त्या सेन्सरच्या कुशीवर झोपल्या की दंड दाबून खोटाच ५५ दिसतो. तेव्हा कूस बदलायला लावते आणि बोट टोचून खात्री करते.