खांड जाण्याआधीचा अर्ज

पेण-अलिबागकडच्या खाडीकाठच्या गावांना पूर दोन्ही अंगांनी येतो, डोंगराकडून पावसाचा आणि खाडीतून उधाणाचा. मधे उभा असतो मातीचा खारबंधारा. त्यातल्या उघाडीचं झडप ओहोटीला उघडतं नि शेतातलं पाणी खाडीत जातं. भरतीला ते मिटतं. जुलैत अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला मुसळधार पावसाची गाठ पडली की झडप मिटलेलं, आत पाणी तुंबलेलं आणि बाहेरून लाटांचा मारा. मग खेकड्यांनी पोखरलेल्या जागीच बांध फुटतो. याला तिकडे खांड गेली म्हणतात.

त्या वर्षीचं भात तर जातंच. शिवाय जमिनीत मुरलेला खार पावसाने धुऊन निघायला पुढची दोन-तीन वर्षं लागू शकतात. म्हणून दुरुस्तीचा अर्ज मे महिन्यात देऊन भागत नाही. पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत महिने जातात, आणि बांधावर घातलेली चिकणमाती पावसाआधी वाळून दबायला हवी. अर्ज दिवाळीनंतर लगेच गेलेला बरा.

‘बांध खराब झाला आहे, दुरुस्त व्हावा ही विनंती’ एवढंच लिहिलं तर त्यावरून अंदाजपत्रक होत नाही. अर्ज असा हवा:

‘उघाडीच्या उत्तरेस साधारण दोनशे पावलांवर बांध बारा फूट लांबीत खचला आहे. तिथे माथा दोन फूट खाली बसला आहे. गेल्या पौर्णिमेच्या भरतीला पाणी माथ्याच्या वीतभरच खाली होतं. आतल्या उतारावर तीन ठिकाणी पाझर आहे, पैकी एका ठिकाणी पाणी गढूळ येतं. बांधामागच्या भातशेतीचे गट क्रमांक सोबत जोडले आहेत.’

यातलं ‘गढूळ’ सर्वांत महत्त्वाचं. नितळ पाझरावर नजर ठेवता येते. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली आहे. तो पाझर थांबत नाही, रुंदावतो. फोटो काढताना शेजारी काठी किंवा फावडं उभं धरावं, म्हणजे भोकाचा आकार कळतो.

अर्ज कोणाकडे द्यायचा, हे बांध सरकारी योजनेतला आहे की खाजगी, यावर ठरतं. सरकारी असेल तर खारभूमी विभागाकडे द्यावा, प्रती तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला. खाजगी असेल तर देखभाल मुळात शेतकऱ्यांच्याच अंगावर असते. तिथे आधी ग्रामसभेचा ठराव करून तो अर्जाला जोडावा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पुढे विचारणा करायची ती त्याच क्रमांकावर.

शेवटी एक ओळ तिथीची घालावी. गेलेली खांड बांधायची ती अष्टमीच्या आसपास, भांगाला, कारण तेव्हा भरती सर्वांत कमी चढते. ‘येत्या भांगाआधी पाहणी व्हावी, आम्ही माणसं आणि फावडी घेऊन बांधावर हजर राहू,’ असं लिहावं आणि त्या दिवशी खरोखर हजर राहावं.