रावसाच्या पाकळ्या सुटतात तेव्हा

ओव्हनमध्ये मासा भाजताना बहुतेकांचं लक्ष वजनाकडे असतं. पाव किलोला किती मिनिटं, अर्ध्या किलोला किती, असं विचारलं जातं. वेळ ठरते ती मात्र जाडीवर. उष्णता बाहेरून आत शिरते, आणि तिला किती आत जायचं आहे ते मांसाचा सर्वांत जाड भाग सांगतो. तुकडा लांबीला दुप्पट असला तरी जाडी तीच असेल तर वेळ जवळपास तितकाच लागतो.

कॅनडाच्या मत्स्यविभागाने लोकप्रिय केलेला एक जुना नियम आहे: जाडीच्या दर इंचाला १० मिनिटं. त्यात ओव्हन चांगलाच कडक, २३० अंश सेल्सियसच्या आसपास, धरलेला आहे. आपल्या घरच्या ओटीजीत मी २०० अंशच ठेवते, कारण वरची सळई जवळ असते आणि मसाला मासा शिजण्याआधी करपतो. मग इंचाला, म्हणजे अडीच सेंटिमीटरला, १० ते १२ मिनिटं धरायची. दीड सेंटिमीटरच्या तुकड्याला सहा-सात मिनिटं पुरतात. जाडी चार सेंटिमीटरच्या पुढे गेली की हा साधा हिशेब कमी पडतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीहून जास्त लागतो. अशा तुकड्यासाठी उष्णता १८० वर आणावी, नाहीतर बाहेरचा थर कोरडा पडेपर्यंत मधला भाग कच्चाच राहतो.

रावसाचं एक फिलेट घेऊ. मानेकडे अडीच सेंटिमीटर जाड, शेपटीकडे जेमतेम एक. जाड भाग शिजेपर्यंत शेपटी वाळणार, म्हणून शेपटीकडचं टोक खाली दुमडून घ्यायचं, म्हणजे जाडी सारखी होते. कोळणीला सांगितलं तर ती मधला भाग वेगळा काढून देते, तो सर्वांत सोयीचा. मासा धुतल्यावर स्वच्छ फडक्याने टिपून पूर्ण कोरडा करा. पाणी राहिलं तर सुरुवातीची उष्णता ते आटवण्यातच जाते आणि मासा भाजण्याऐवजी वाफवला जातो. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि थोडं तेल चोळा. लिंबू मात्र ओव्हनमध्ये घालण्याआधी दहा-पंधरा मिनिटंच लावा. आंबटाने वरचं मांस न शिजताच पांढरं आणि भुसभुशीत होतं, आणि पुढे पारख करताना फसगत होते.

ओव्हन दोन्ही सळयांवर निदान १५ मिनिटं तापलेला हवा. तेल लावलेल्या ट्रेवर कातडीची बाजू खाली ठेवून ट्रे मधल्या खणात सारा. उलटण्याची गरज नाही. आता १२ मिनिटं डोळे मिटून थांबायचं नाही, आठव्या मिनिटाला पहिली पारख करायची. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत सहज दहा-वीस अंशांचा फरक असतो, म्हणून घड्याळ फक्त कधी बघायचं ते सांगतं. झालं की नाही, ते मासाच सांगतो.

माशाचं मांस जाड पाकळ्यांनी बनलेलं असतं आणि दोन पाकळ्यांमध्ये एक पातळ पडदा असतो. मटणातला असा पडदा मऊ व्हायला तासभर रटरटावं लागतं. माशातला पडदा कमी आणि नाजूक असतो, तो ५०-५५ अंशांच्या आसपासच विरघळू लागतो. तो विरघळला की पाकळ्या एकमेकींना सोडतात. पारख यावरच आहे. काटेचमच्याचं टोक सर्वांत जाड भागात तिरकं खुपसा आणि हलकेच पिळा. पाकळ्या आपल्या रेषेवर सुटल्या, आत काचेसारखी झाक न राहता मांस दुधाळ दिसलं, तर मासा झाला. मांस रबरासारखं चिवट वाटलं आणि पाकळ्या चिकटून राहिल्या तर आणखी दोन मिनिटं द्या. हळद-तिखटामुळे वरचा रंग काहीच सांगत नाही, म्हणून आत डोकावणं भागच आहे.

काटा लावताच मांस चुरा होऊन पडलं, तर वेळ टळून गेलेली असते. त्याआधीची खूणही दिसते: कडांवर पांढरे घट्ट थेंब फुटतात. मांसातली प्रथिनं आवळून आतला रस बाहेर ढकलू लागली, हा त्याचा अर्थ. थोडे थेंब चालतात, भरपूर आले तर लगेच ट्रे काढा. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे त्यांनी मधोमध ६३ अंश बघावेत. अमेरिकेचे अन्नसुरक्षेचे नियम हाच आकडा देतात. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तो गाठलाच पाहिजे.

बाहेर काढल्यावर गरम ट्रेमुळे आतली उष्णता एक-दोन अंश आणखी चढते. म्हणून अगदी मध्यभागी किंचित काचेरी रेघ उरलेली असतानाच मासा काढून तीन मिनिटं तसाच ठेवावा. वाढण्याआधी पुन्हा आत बघावं. रेघ तशीच असेल तर दोन मिनिटांसाठी परत ओव्हनमध्ये.

गोठवलेलं बासा आणलं असेल तर ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात सुटू द्या. ते भरपूर पाणी सोडतं, आणि रावसापेक्षा मऊ असल्याने त्याच्या पाकळ्या जाड, ठसठशीत सुटत नाहीत. तिथे रंग दुधाळ झाला का आणि काटा अडखळल्याशिवाय आत गेला का, एवढंच पाहावं.