गेटआधीचा आठवडा आणि न गोठलेलं तांबं

गेटच्या मेटलर्जी पेपरात तीन तासांत 65 प्रश्न सोडवायचे असतात. शेवटचा आठवडा उरला की बरीच मुलं थर्मोडायनॅमिक्स, फेज ट्रान्सफॉर्मेशन आणि मेकॅनिकल बिहेवियर यांना सारखे दिवस वाटून देतात. मी थर्मोडायनॅमिक्सला पहिले दोन दिवस, फेजना पुढचे दोन आणि मेकॅनिकलला एकच दिवस द्यायला सांगतो. कारण या तिघांत पहिल्याचं गणित दुसऱ्यात जसंच्या तसं वापरावं लागतं.

तांब्याचं उदाहरण घ्या. ते 1356 केल्विनला गोठायला हवं, पण आणखी 50 अंश थंड होऊनही द्रवच राहिलं. आता गोठण्यामागची ऊर्जा किती? वितळण्याची उष्णता मोलला सुमारे 13,000 जूल धरली, तर ΔG = ΔH × ΔT / Tm या सूत्राने 479 जूल येतात (गोठताना मुक्त ऊर्जा तेवढी घटते). घाईत Tm च्या जागी 1083 सेल्सिअस घातलं की उत्तर 600 होतं. 50 अंशांचा फरक दोन्ही मापांत तोच असल्यामुळे ही चूक सहज निसटते. आकडा स्वतः भरायच्या प्रश्नात समोर पर्यायही नसतात, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. म्हणून पहिले दोन दिवस प्रत्येक गणितात तापमान आधी केल्विनमध्ये लिहायचं.

तिसऱ्या दिवशी तेच तांबं पुन्हा घ्या आणि 50 च्या जागी 100 अंश थंड करा. ऊर्जा दुप्पट होते. स्फटिकाचा पहिला कण टिकण्यासाठी लागणारी त्रिज्या निम्मी होते आणि तो तयार होण्यातला अडथळा चौथाईवर येतो. मग जितकं थंड तितकं वेगवान, असं का होत नाही? कारण गारव्यात अणूंची हालचालही मंदावते. या ओढाताणीतूनच टीटीटी आलेखाचं नाक तयार होतं. हे कळलं की आलेख पाठ करावा लागत नाही. चौथा दिवस लोह-कार्बन आकृती आणि लिव्हर रूलला द्या. 0.4 टक्के कार्बनच्या पोलादात पर्लाइट साधारण निम्मं असतं, पण एकूण फेराइट 94 टक्के, कारण पर्लाइटमध्येही फेराइट असतंच. प्रश्न यातलं नेमकं काय विचारतोय, त्या शब्दाखाली रेघ ओढा.

जास्त केंद्रकं म्हणजे बारीक कण, आणि बारीक कण म्हणजे जास्त ताकद. इथून पाचव्या दिवशी हॉल-पेचकडे वळता येतं. कण 64 मायक्रॉनचे असताना यील्ड ताण 200 मेगापास्कल आणि 16 मायक्रॉनला 250 असेल, तर 4 मायक्रॉनला 350 येतो. 450 लिहिलंत तर वर्गमुळाचा विसर पडलाय. क्रीप, फटीग आणि फ्रॅक्चरची सूत्रं या धाग्यात बसत नाहीत, ती वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

सहाव्या दिवशी पूर्ण पेपर सोडवा, तोही माउसने स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर वापरून. सातव्या दिवशी नवं काही उघडू नका. आदल्या दिवशी चुकलेली गणितं एकक, सूत्र आणि समज अशा तीन ढिगांत वाटा, आणि समजेच्या ढिगापासून सुरुवात करा.